ग्रुपवर दुसऱ्याचा बायोडाटा फिरला, आता सांगायचं कसं?

रामबागकर

मंडळी, इंदूरच्या आमच्या भागातल्या मराठी लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तीनशेच्या वर सभासद. त्याचे तीन अॅडमिन, त्यातला एक मी. गणपती, कोजागिरी, कोणाकडे भाड्याची खोली आहे, पुरणपोळ्या कोण करून देतं, असला सगळा मामला. तक्रारीला जागा नव्हती.

परवा ग्रुपातल्या एका काकांनी एका मुलीच्या लग्नाच्या बायोडाटाची दोन पानी पीडीएफ टाकली. खाली लिहिलं, ‘उत्तम स्थळ, इच्छुकांनी थेट संपर्क साधावा.’ पहिल्या पानावर साडीतला मोठा फोटो. दुसऱ्यावर जन्मतारीख, जन्मवेळ, आईचं माहेरचं आडनाव, कंपनीचं नाव, पगार, विजय नगरात ती मैत्रिणींबरोबर राहते त्या फ्लॅटचा पत्ता आणि तिचा स्वतःचा मोबाइल. मुलगी ग्रुपात नाही, तिचे आईवडीलही नाहीत. आईने बायोडाटा बहिणीला दिला, बहिणीने भजनी मंडळातल्या मैत्रिणीला, तिथून तो काकांकडे आला. वाईट हेतू कोणाचाच नाही.

त्याच रात्री मुलीला दोन अनोळखी नंबरांवरून मेसेज आले. एकाने नुसतं लिहिलं, ‘फोटो छान आहे.’ मुलीच्या आईने माझ्या आईला फोन केला. आई म्हणते, तू अॅडमिन ना, मग कर काहीतरी.

प्रश्न असा आहे की काका ७४ वर्षांचे आहेत, ग्रुप उभा करण्यात त्यांचा मोठा हात आहे, आणि ते मनाला फार लावून घेतात. ग्रुपला ‘दुसऱ्याचा फोटो, नंबर विचारल्याशिवाय टाकू नका’ ही आठवण करून द्यायची आहे. काय लिहू? सगळ्यांसमोर लिहू की त्यांना एकट्याला सांगू? मी एक मसुदा केलाय:

‘सर्व सदस्यांना सूचित करण्यात येते की इतर व्यक्तींची छायाचित्रे व वैयक्तिक माहिती त्यांच्या संमतीविना प्रसारित करणे हा गोपनीयतेचा भंग असून असे करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.’

मालवी_मिरची

भिया, ही नोटीस नगर निगमची वाटून राहिली. खाली आयुक्तांची सही तेवढी राहिली.

शेजारीण_नं_१

आधी सांगा, पीडीएफ अजून ग्रुपात आहे का? मसुदा नंतर बघू.

रामबागकर

हो, आहे अजून. काकांना न विचारता काढणं बरं दिसत नाही म्हणून थांबलोय.

शेजारीण_नं_१

मग आत्ता, हा धागा बंद करून, ती काढा. मी आमच्या सोसायटीचा आणि शाळेच्या पालकांचा, असे दोन ग्रुप बरीच वर्षं सांभाळते आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

अॅडमिनला दुसऱ्याचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. मेसेजवर बोट दाबून धरा, डिलीट, मग डिलीट फॉर एव्हरीवन. घाईत ‘डिलीट फॉर मी’ दाबू नका. तसं केलंत तर तुमच्या फोनवरून जाईल, बाकी तीनशे जणांकडे तसंच राहील आणि तुम्हाला वाटेल काम झालं. आणि याला मुदत असते. साधारण दोन दिवस उलटले की तो पर्याय दिसतच नाही. तुम्ही ‘परवा’ म्हणताय, म्हणजे वेळ संपत आलीय.

अॅडमिनने काढलं की त्या जागी ‘अॅडमिन अमुक यांनी हा मेसेज हटवला’ असं तुमच्या नावासकट सगळ्यांना दिसतं. म्हणून आधी काकांना एक फोन करा, दोन मिनिटांचा. ‘काका, त्या मुलीला अनोळखी लोकांचे मेसेज येताहेत, तुम्ही स्वतःच काढता का? कसं काढायचं ते मी सांगतो.’ त्यांनी स्वतः काढलं तर कुठेही तुमचं नाव येत नाही आणि त्यांचा मानही राहतो. फोन उचलला नाही तर वाट बघू नका, तुम्ही काढा.

आणखी एक. त्या पीडीएफला उत्तर म्हणून कोणी काही लिहिलंय का, तेही बघा. मूळ मेसेज गेला तरी उत्तराच्या डोक्यावर त्यातला मजकूर तसाच दिसत राहतो. कोणी नंबर कॉपी करून ‘हाच का नंबर?’ असं विचारलं असेल तर तो मेसेजही काढावा लागेल.

रामबागकर

काढलं. काकांना फोन केला, त्यांना डिलीट करणं जमेना. मग ‘तूच काढ’ म्हणाले, आवाजात नाराजी होती. आणि हो, एका वहिनींनी खाली नंबर टाइप करून ‘यावर लागत नाहीये’ असं लिहिलं होतं! तेही काढलं.

कोर्टाची_पायरी

काढलंत, चांगलं केलंत. पण काढलं म्हणजे मिटलं असं मुलीच्या आईला सांगू नका. ज्यांनी पीडीएफ उघडून फोनमध्ये ठेवली किंवा पुढे पाठवली, त्यांच्याकडे ती आहेच. आयफोनवाल्यांच्या फोटोंमध्ये एकदा सेव्ह झालेली चित्रं मेसेज डिलीट केल्यावरही राहू शकतात, हे व्हॉट्सअॅप स्वतःच सांगतं. स्क्रीनशॉटचं तर विचारूच नका.

गणपतरावांचा_नातू

माझ्या मते इतका सौम्यपणा नको. कायद्यात स्पष्ट तरतूद आहे. आयटी कायदा कलम ६६ई. दुसऱ्याचा फोटो परवानगीशिवाय टाकला तर तीन वर्षं तुरुंगवास. आणि अॅडमिनही सहआरोपी. हे दोन्ही ग्रुपवर टाका, उद्यापासून सगळे सरळ.

कोर्टाची_पायरी

नातू, शिक्षेचा आकडा बरोबर आहे, कलम मात्र या प्रसंगाचं नाही. ६६ई हे माणसाच्या खाजगी अवयवांच्या चित्राबद्दल आहे. साडीतला लग्नाचा फोटो त्यात बसत नाही.

अॅडमिनचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसंच म्हटलं. हे निकाल मध्य प्रदेशातल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण वकील ते दाखवणारच. तेव्हा रामबागकरांना घाबरवू नका, आणि त्यांनीही ग्रुपला घाबरवू नये. ग्रुपात एखादा वकील असतोच, तो पहिल्या पाच मिनिटांत कलम खोडून काढतो आणि मग मूळ मुद्दा बाजूला राहून कलमावर चर्चा रंगते.

गणपतरावांचा_नातू

बरं, ६६ई सोडा. पण नवा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय ना २०२३ चा? त्यात संमती हाच पाया आहे.

कोर्टाची_पायरी

आहे, पण कलम ३ वाचा. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला तो कायदा लागू नाही. काकांनी ओळखीत स्थळ सुचवलं, हे त्या सवलतीत बसेल असंच काका म्हणतील. तीनशे लोकांचा ग्रुप ‘घरगुती’ म्हणायचा का, यावर वाद घालता येईल, मी तरी खात्रीने काही सांगणार नाही. उलट एखादं मंडळ वधूवर सूचक केंद्र चालवत असेल, फॉर्म भरून घेत असेल, यादी ठेवत असेल, तर त्याला मात्र हा कायदा नक्की पाहावा लागेल. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू व्हायच्या आहेत.

त्या मुलीच्या हातात आज जे आहे ते वेगळं आहे. ज्याने ‘फोटो छान’ लिहिलं, त्याला तिने एकदाच, स्पष्ट, लेखी उत्तर द्यावं: ‘मला संपर्क करू नका.’ त्याचा स्क्रीनशॉट ठेवावा आणि मग ब्लॉक करावं. न बोलता ब्लॉक करायची सवय असते आपल्याला, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे आणि त्यात ‘बाईने अनिच्छा स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क’ हे बघितलं जातं. नकार लेखी असला की पुढे दुसऱ्या नंबरावरून त्रास झाल्यास पोलिसांना दाखवायला हातात काही असतं. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, महिलांसाठी तिथे वेगळा विभाग आहे.

सराफ्यातली_साबुदाणा_खिचडी

मुलगी काय करते? आमच्या भाच्यासाठी बघतोय. बी.ई., पुण्यात आहे.

शेजारीण_नं_१

🤦‍♀️

मालवी_मिरची

धागा कशाबद्दल आहे हे एकदा वरून वाचा हो साहेब.

सराफ्यातली_साबुदाणा_खिचडी

अहो वाचला. म्हणूनच इथे नंबर मागितला नाही, नुसतं विचारलं. आमच्या लहानपणी पेपरच्या दर अंकात स्थळांच्या जाहिराती यायच्या, कोणी बोलायचं नाही.

कोजागिरी

काका, त्या जाहिरातीत फोटो नसायचा, घरचा पत्ता नसायचा. पेटी क्रमांक असायचा. पत्रं छापखान्यात यायची आणि तिथून बापाकडे जायची. मुलीच्या हातात मोबाइल नव्हता आणि रात्री अकराला तिच्या उशाशी कोणी ‘हाय’ म्हणत नव्हतं.

मी स्वतः यातून गेलेय म्हणून लिहिते. माझा बायोडाटा बाबांनी केला होता, गुलाबी किनार, वर गणपती. लग्न झालं, मी सासरी इंदूरला आले, मुलगी झाली, आणि तरी ग्वाल्हेरहून एका बाईंचा फोन: ‘तुमची पत्रिका आमच्या बाळ्याशी जुळतेय.’ फोन सासूबाईंनी घेतला होता. त्या हसल्या म्हणून निभावलं. पीडीएफवर तारीख नाही, ‘लग्न ठरले’ असं त्यावर कधी उमटत नाही, आणि ती कोणाकोणाकडे आहे ते बाबांनाही सांगता येईना.

रामबागकर, तुम्ही काकांच्या मानाचा विचार करताय, ठीक आहे. मुलीला कोणी विचारलं का? कदाचित तिला ग्रुपवर काहीच लिहायला नको असेल. सूचना निघाली की तीनशे लोक विचारणार, ‘कोणाबद्दल आहे?’ आणि ज्यांनी पीडीएफ उघडलीच नव्हती तेही शोधायला लागणार.

शेजारीण_नं_१

कोजागिरीने नेमकं बोट ठेवलं. आमच्या पालकांच्या ग्रुपात अगदी हेच झालं. एका आईने वर्गातल्या दुसऱ्या मुलाचा, रडतानाचा, सहलीतला व्हिडिओ गंमत म्हणून टाकला. मी तेव्हा नवी अॅडमिन, लगेच तिथेच लिहिलं की असे व्हिडिओ टाकू नयेत. अर्ध्या तासात निम्मे म्हणाले ‘त्यात काय एवढं’, निम्म्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले, आणि ज्यांनी व्हिडिओ पाहिला नव्हता त्यांनी वर सरकून पाहिला. त्या मुलाच्या आईने मला फोन करून सांगितलं की व्हिडिओपेक्षा चर्चेने जास्त नुकसान केलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. आधी वस्तू काढायची. मग ज्याचं आहे त्याला कळवायचं की काय गेलं होतं, किती वेळ होतं, काढलंय, आणि विचारायचं की ग्रुपवर काही लिहू का. मग टाकणाऱ्याशी फोनवर बोलायचं, लिहून नाही, कारण लिहिलेल्याचा स्क्रीनशॉट निघतो आणि सूर चुकीचा वाचला जातो. आणि ग्रुपला आठवण चार-सहा दिवसांनी, दुसऱ्या कशाच्या निमित्ताने, म्हणजे ती कोणाकडे बोट दाखवत नाही.

खडूस

असहमत. चार-सहा दिवसांनी, नाव न घेता, सणाच्या निमित्ताने लिहिलेली आठवण म्हणजे कोणीच न वाचलेली आठवण. आमच्या क्रिकेटच्या ग्रुपात एक जण सगळ्यांच्या बायकांचे फोटो टाकायचा, सहलीचे, पंगतीचे. तीनदा एकट्याला सांगितलं. प्रत्येक वेळी ‘हो रे, सॉरी’ आणि पुढच्या रविवारी पुन्हा. शेवटी सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा थांबला. काही लोकांना एकट्यात सांगितलेलं हे सांगितल्यासारखं वाटतच नाही.

शेजारीण_नं_१

तुमच्या माणसाला तीनदा सांगून झालं होतं. काकांची ही पहिली वेळ आहे. दोन्हीला एकच औषध कशाला?

खडूस

पहिली वेळ आहे हे रामबागकरांनी कुठे लिहिलंय?

रामबागकर

खरं सांगायचं तर पहिली नाही. मागे एका सभासदाच्या वडिलांचा आयसीयूतला फोटो त्यांनी टाकला होता, नळ्या लावलेला, ‘प्रार्थना करा’ म्हणून. तेव्हा कोणी काही बोललं नाही. त्या सभासदाने ग्रुप सोडला, कारण सांगितलं नाही.

खडूस

घ्या.

मालवी_मिरची

अरेरे.

नर्मदे_हर

विषय थोडा वेगळा, पण याच्याशी जोडलेला. रंगपंचमीच्या गेरीत राजवाड्याच्या गर्दीत आमचे आजोबा चुकले. विसरण्याचा आजार आहे त्यांना. मी फोटो, नाव, पत्ता, माझा नंबर टाकून ‘हरवले आहेत’ असा मेसेज केला. आजोबांची संमती घ्यायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी सापडले, सराफ्याच्या तोंडाशी एका दुकानदाराने बसवून ठेवलं होतं.

तो मेसेज अजून फिरतोय. दर काही महिन्यांनी फोन येतो, ‘सापडले का हो आजोबा?’ आजोबा आता नाहीत. लोक चांगल्या मनाने विचारतात आणि आईला दर वेळी तेच सांगावं लागतं. मग नियम करताना याचं काय करणार? ‘संमतीशिवाय नाही’ म्हटलं तर आम्ही त्या दिवशी काय करायला हवं होतं?

शेजारीण_नं_१

तुम्ही केलं ते बरोबरच केलं. जीव शोधायचा असेल तेव्हा संमती विचारत कोण बसेल. अशा मेसेजमध्ये तारीख आणि वेळ चित्रावरच लिहावी, खाली मजकुरात नाही, कारण पुढे पाठवताना मजकूर गळतो आणि चित्र राहतं. घरच्या पत्त्याऐवजी ‘अमुक ठाण्यात कळवा’ चालतं. आणि सापडल्यावर त्याच चित्रावर मोठ्या अक्षरात ‘सापडले’ लिहून त्याच ग्रुपांत पुन्हा टाकावं. पूर्ण थांबत नाही, पण कमी होतं. तुमच्या आईचं वाचून वाईट वाटलं.

बडोद्याची_वसुधा

आमच्याकडे बडोद्याला मराठी लोकांच्या ग्रुपात आता बायोडाटा टाकूच देत नाहीत. स्थळाची फक्त चार ओळींची माहिती: वय, उंची, शिक्षण, गाव आणि मध्यस्थाचं नाव. फोटो आणि नंबर, दोन्ही घरं ‘पुढे बोलू’ म्हणाली की मगच, आणि ते ग्रुपवर नाही, एकमेकांना. पहिल्यांदा खूप कुरकुर झाली, ‘फोटोशिवाय कोण बघणार’ म्हणून. आता लागली सवय.

जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव मात्र बायोडाटातून काढाच. बँकेच्या फोनवर ओळख पटवायला हेच प्रश्न विचारतात. पत्रिका जुळवायची तर जन्मवेळ ज्याला बघायचीय त्यालाच द्यावी.

गणपतरावांचा_नातू

हे पटलं. बँकेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सराफ्यातली_साबुदाणा_खिचडी

मध्यस्थाचं नाव म्हणजे पुन्हा मध्यस्थाकडे दहा फोन. मला विचारा. मी गेली कित्येक वर्षं फुकट स्थळं जुळवतो आणि बायको म्हणते तुमचा फोन म्हणजे रेल्वेची चौकशी खिडकी.

कोजागिरी

फोन तुम्हाला येऊ दे काका. तुम्ही उचलायला तयार आहात, ती मुलगी नव्हती.

इंजिनीअर_अनंत

तांत्रिक बाजू थोडी. ग्रुपच्या माहितीत अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी नावाचा पर्याय २०२५ पासून आहे. तो चालू केला की ग्रुपचं चॅट बाहेर काढता येत नाही आणि फोटो आपोआप लोकांच्या गॅलरीत उतरत नाहीत. स्क्रीनशॉट मात्र थांबत नाही, आणि हाताने कोणी सेव्ह केलं तर तेही नाही. तरी ७०-७५ वयाच्या अर्ध्या लोकांच्या फोनमध्ये आपोआप साठतं आणि मग नातवंडं फोन चाळतात, तेवढं वाचतं.

गायब होणारे मेसेजही चालू करता येतात, २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवस. पण मग गणपतीच्या वर्गणीचा हिशोबही गायब होईल, म्हणून आमच्या ग्रुपात बंद केलं.

मालवी_मिरची

वर्गणीचा हिशोब गायब झाला तर काही लोकांना बरंच वाटेल.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. काल आणि आज काय झालं ते सांगतो.

मुलीशी बोललो, तिच्या आईच्या मार्फत. तिला ग्रुपवर तिच्याशी जोडता येईल असं काहीही नकोय. तिने विचारलं वेगळंच: ‘काकांनी आणखी कुठे पाठवलं ते विचाराल का?’ हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी ‘आमच्या ग्रुपातून काढलं’ म्हणून निश्चिंत होतो.

काकांच्या घरी गेलो. आधी पोहे, मग विषय. मी नियम काढला नाही, फक्त तिला आलेला मेसेज वाचून दाखवला आणि तिचा पत्ता त्यात होता हे सांगितलं. ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘अरे मी तर तिच्या भल्यासाठीच.’ मी म्हटलं, त्याबद्दल शंकाच नाही. मग त्यांचा फोन घेऊन दोघांनी मिळून बघितलं. आणखी चार ठिकाणी गेलं होतं, त्यातला एक उज्जैनच्या नातेवाईकांचा ग्रुप. दोन ठिकाणचं मुदतीत होतं, काढता आलं. उरलेल्या दोन ठिकाणी काकांनी स्वतः फोन करून ‘पुढे पाठवू नका, असेल तर काढा’ सांगितलं. एकाने ‘बरं’ म्हटलं. दुसरा म्हणाला, ‘आता काय उपयोग, मी तर पाठवून दिलं.’ कुठे पाठवलं ते सांगायला तयार नाही.

आयसीयूच्या फोटोचंही बोललो. त्यावर ते म्हणाले, लोक प्रार्थना करतील म्हणून टाकला होता. एवढं म्हणून चहा प्यायले. त्यापुढे मी ताणलं नाही.

खडूस

म्हणजे ग्रुपला काहीच सांगणार नाही?

रामबागकर

सांगणार. मुलीला मजकूर दाखवला, तिला चालेल म्हणाली. पुढच्या आठवड्यात वर्गणीच्या यादीबरोबर टाकतोय आणि ग्रुपच्या माहितीतही कायमचा ठेवतोय. असा आहे:

‘स्थळ सुचवायचं असेल तर वय, उंची, शिक्षण, गाव आणि आपलं स्वतःचं नाव एवढंच इथे लिहा. बायोडाटा, फोटो, नंबर आपल्याला विचारणाऱ्यालाच द्या, तेही घरच्यांना विचारून. आजारी माणसाचा फोटो टाकायचा असेल तर घरच्यांपैकी कोणी टाकावा. कोणी हरवलं असेल तर लगेच टाका, फक्त चित्रावर तारीख लिहा. चुकून दुसऱ्याचं काही टाकलं गेलं तर लगेच काढा, नाही जमलं तर आम्हा तिघांपैकी कोणालाही फोन करा, आम्ही काढू.’

कोर्टाची_पायरी

छान. ‘कारवाई’ गेली हे बरं झालं. ‘तेही घरच्यांना विचारून’ ऐवजी ‘ज्याचा आहे त्याला विचारून’ करा. मुलगी कमावती आहे, घरच्यांनी ‘हो’ म्हटलं आणि तिने नाही, असं होतं. याच प्रकरणात पहिली पाठवणारी तिची आईच होती ना.

सराफ्यातली_साबुदाणा_खिचडी

म्हणजे आता आईने मुलीचं स्थळ बघताना मुलीची सही घ्यायची?

कोजागिरी

सही नको. ‘हा फोटो दिला तर चालेल का ग?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ.

खडूस

मला अजूनही वाटतं काकांना एकदा ग्रुपवर ‘मी यापुढे असं करणार नाही’ म्हणू द्यायला हवं होतं. आयसीयूवाल्या सभासदालाही ते कळलं असतं.

शेजारीण_नं_१

त्या सभासदाला काकांनी फोन करावा, ग्रुपवर कशाला? रामबागकर, हे सुचवून बघा त्यांना. आत्ताच नको, थोडं थांबून.

रामबागकर

बघतो. ‘ज्याचा आहे त्याला विचारून’ हा बदल केला.

नर्मदे_हर

एक शंका. आमच्या कुटुंबाच्या ग्रुपचे अॅडमिन एकटे आजोबाच होते. त्यांचा नंबर अजून ग्रुपात आहे, फोन बंद आहे. कोणी काही टाकलं तर दुसऱ्याचा मेसेज काढणारं कोणी नाही. काय करता येईल?

इंजिनीअर_अनंत

एकटा अॅडमिन स्वतः ग्रुपमधून बाहेर पडला तर व्हॉट्सअॅप दुसऱ्या कोणाला तरी अॅडमिन करतं. पण त्यासाठी त्या नंबरवरून बाहेर पडावं लागेल. सिम चालू असेल तर त्यावर व्हॉट्सअॅप सुरू करून आधी तुमच्यापैकी दोघांना अॅडमिन करा, मग बाहेर पडा. सिम बंद झालं असेल तर नवा ग्रुप काढणं सोपं.

नर्मदे_हर

सिम आईकडे आहे. विचारतो तिला.